फ्लॅट ७ची पेटी भरली आहे

रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि सोसायटीच्या फळ्यावर स्वतःचं नाव वाचलं. ड्रेनेज सफाईच्या सूचनेखाली त्याच शाईत लिहिलं होतं : ‘फ्लॅट ७ यांची मेलपेटी भरल्याने सूचना परत येत आहेत. कृपया स्वच्छता करून घ्यावी.’ वरची स्वच्छता ड्रेनेजची आणि खालची माझी. दूधवाल्यानेही ते वाचलं होतं. तो काही बोलला नाही, पण सुटे परत देताना गालात हसला.

सूचना सेक्रेटरी काकांची. बँकेतून निवृत्त झालेल्या या काकांना लिहायला फळा पुरत नाही. आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गूगलचे फुकटातले १५ जीबी म्हणजे मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांचं एकच सामाईक खातं. ते भरलं की नवीन फोटो वर चढत नाहीत आणि येणारी मेलही पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणजे माझी अब्रू गेल्याचं मला सोडून सगळ्यांना कळतं.

संध्याकाळी काका स्वतःच घरी आले. हातात मेंटेनन्सची जुनी पावती, पाठीमागे पेन्सिलीने गूगलच्या विकतच्या जागेची आकडेमोड.

‘‘शंभर जीबीला महिना १३० रुपये. म्हणजे टेराबाइटला पडले १३००. दोन टेराबाइटला ६५०. म्हणजे टेराबाइटला ३२५. चौपट फरक! पाव किलो साखर घेणारा नेहमी बुडतो, हे तुझ्या वडिलांना कळत होतं.’’

‘‘काका, पण मला साखर पाव किलोच लागते.’’

‘‘लागते किती याचा प्रश्न नाही. दर बघायचा.’’

गणितात चूक शून्य. पण मी महिन्याला साधारण ३५० एमबी भरतो, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वाचार जीबी. शिवजन्मापासून, म्हणजे १६३० पासून, या वेगाने दोन टेराबाइट भरायला घेतले असते तरी आज तीनेकशे जीबी रिकामे उरले असते. आणखी सव्वा वर्षाने माझा संसार २० जीबीचा झाला असं धरलं, तर वापरलेल्या प्रत्येक जीबीमागे १३० वाल्या योजनेत महिना साडेसहा रुपये पडतात आणि ‘स्वस्त’ ६५० वाल्या योजनेत साडेबत्तीस. टेराबाइटचा दर बघायचा तो टेराबाइट भरणाऱ्याने, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याने वगैरे. मी हे सांगितलं. काकांनी पावती उलटी केली. तिकडेही आकडेमोड होती.

‘‘मग सगळे मिळून घेऊ! तू धरून सहा घरं. ६५० भागिले सहा, माणशी १०८ रुपये. तुझ्या १३० पेक्षा २२ कमी!’’

‘‘काका, ती सोय कुटुंबासाठी असते.’’

‘‘सोसायटी म्हणजे कुटुंबच. आणि कुटुंबप्रमुख मी.’’

हे ते गंभीरपणे म्हणाले. सोय खरी आहे : प्रमुख आणि आणखी पाच जण. एकाच्या फायली दुसऱ्याला दिसत नाहीत, एवढी अब्रू शिल्लक राहते. पण जो तो आपले फुकटातले १५ जीबी संपवून पुढे सामाईक साठ्यातून घेतो आणि प्रत्येकाला वेगळी तोटी बसवता येत नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं तेच आहे. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सकाळी पाइप लावून गाडी धुतात आणि दहा वाजता पहिला मजला टँकरला फोन करतो. त्यांचा मुलगा ड्रोन उडवतो, हे मी काकांना सांगितलं. शिवाय एका कुटुंबातून निघून दुसऱ्यात जायचं तर बारा महिन्यांतून एकदाच. घटस्फोटाआधी एवढा विचार लोक करत नसतील.

काकांकडे तिसरा उपायही होता : जिथे जिथे फुकट मिळतं तिथे खातं उघडायचं. इथले १५, मायक्रोसॉफ्टचे ५, ॲपलचे ५, ड्रॉपबॉक्सचे २. बेरीज २७. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसंच हे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या मुलांना निदान आज कुठला वार हे माहीत असायचं. मला आधारकार्डाचा फोटो चारपैकी कोणत्या घरी जेवतोय हे ऐन वेळी आठवणार नाही.

काका गेल्यावर मी पसारा उपसायला बसलो आणि पहिला घाव भलत्याच ठिकाणी घातला. गणपतीपुळ्याच्या २०१९च्या सहलीतले तीनशे फोटो काळजावर दगड ठेवून पुसले. त्यात आत्याचा समुद्राला घाबरून उलट पळतानाचाही होता. कचरापेटीही लगेच रिकामी करणार होतो, कारण तिच्यातला कचराही हिशोबात धरतात. पण आधी आकडा बघितला. १४.९ होता. पुन्हा उघडून बघितला, तरी १४.९च. म्हटलं, पेटीतला माल मोजत असतील. मग मुलीने सांगितलं, की १ जून २०२१च्या आधी ‘हाय क्वालिटी’त चढवलेले फोटो या १५ जीबीत मोजतच नाहीत. म्हणजे फुकट राहणाऱ्या पाहुण्यांना मी घराबाहेर काढत होतो आणि भाडं थकवणारे आत पाय पसरून बसले होते. फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतात म्हणून आत्या परत आली. मुलगी बघत नसती, तर त्या समुद्राच्या फोटोसाठी मी आजही कोणावर तरी चिडून बसलो असतो.

भाडं थकवणारा सापडला तो ४.२ जीबीचा व्हॉट्सॲप बॅकअप. अँड्रॉइडवर हा पूर्वी हिशोबात नसायचा, आता असतो. त्यात निम्म्याहून जास्त ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ. सूर्य उगवतो, मागे बासरी, वर सुविचार. बॅकअपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ वगळले आणि लगेच नवीन बॅकअप घेतला, कारण जुना जागेवर असेपर्यंत आकडा हलत नाही. ४.२चे १.३ झाले. २.९ जीबी एवढे सूर्योदय! मी इतका लवकर आयुष्यात कधी उठलो नाही आणि त्यांचं भाडं मी भरायचं?

मग मेलच्या शोधपट्टीत टाइप केलं :

```
has:attachment larger:10M
```

सगळ्यात वर एकाच पत्त्यावरून आलेल्या ६२ मेल होत्या. प्रत्येक साधारण १८ एमबीची. विषय : ‘सभेचे इतिवृत्त’. काका इतिवृत्ताच्या वहीचं एकेक पान फोनने फोटो काढून, पूर्ण रंगात, कडेला स्वतःच्या अंगठ्यासकट, पीडीएफ करून पाठवतात. एकूण १.१ जीबी. माझी पेटी ज्याने भरली तोच फळ्यावर लिहून गेला होता.

ते पुसलं, आणखी थोडं किडूकमिडूक काढलं, मेलची कचरापेटी रिकामी केली. आकडा ९.९वर आला. उरले ५.१ जीबी, म्हणजे माझ्या वेगाने जवळजवळ सव्वा वर्ष फुकट. तोवर चालेल. पुढे १३० देईन, पण सूर्योदयासाठी नाही.

काकांना जिन्यात गाठलं आणि १८ एमबीचं सांगितलं. म्हटलं, काळ्यापांढऱ्यात स्कॅन करा, एक एमबीत बसेल.

‘‘मूळ प्रत स्पष्टच हवी,’’ काका म्हणाले. ‘‘आणि तू पुसलंस? इतिवृत्त?’’

सोमवारी फळ्यावर माझी ओळ पुसलेली होती. तिच्या जागी नवीन : ‘इतिवृत्त जतन करणे ही प्रत्येक सभासदाची जबाबदारी आहे. प्रती पुन्हा पाठवण्यात येत आहेत.’

दुपारपर्यंत २३ आल्या होत्या.