F3 म्हणजे तीन बेडरूम नव्हे

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘घरांच्या अरबी जाहिरातीत F3 किंवा S+2 दिसलं की आकडा बघा. F3 म्हणजे तीन बेडरूम, S+2 म्हणजे दोन. तसंच इंग्रजीत लिहा.’

यातलं S+2 बरोबर आहे, F3 चुकीचं. F3 ही अल्जीरियातली पद्धत, फ्रेंच काळातून आलेली. तिथे दिवाणखानाही खोल्यांत धरतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम धरत नाहीत. म्हणजे F3 = दिवाणखाना + दोन बेडरूम, आपल्या भाषेत टू बीएचके. ट्युनिशियात मात्र दिवाणखाना S म्हणून वेगळा लिहितात, आकडा फक्त बेडरूमचा. म्हणून F3 आणि S+2 एकच घर!

मी स्वतः अशा जाहिराती इंग्रजीत करते. ट्युनिसच्या एका जाहिरातीत शब्दांत लिहिलं होतं: ‘साला व झूज ब्यूत’. पुस्तकी अरबीत ‘ब्यूत’ म्हणजे घरं, त्यामुळे शब्दकोश उघडून बसलेला माणूस ‘हॉल आणि दोन घरं’ लिहून मोकळा होतो. ट्युनिशियाच्या बोलीत ‘बीत’ म्हणजे साधी खोली, ‘झूज’ म्हणजे दोन. म्हणजे पुन्हा S+2च.

परदेशातल्या ग्राहकासाठी मी ‘टू बेडरूम्स प्लस लिव्हिंग रूम’ लिहिते आणि शेजारी मूळ F3 तसंच ठेवते, म्हणजे त्याला दलालाशी ताडून बघता येतं. नकाशा मात्र मागवतेच, कारण काही मालक दिवाणखान्यात पलंग टाकून फोटोत तिसरी बेडरूम दाखवतात.

तो मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका, आणि जुना आता फिरवू नका.