वहीत उरलेले पैसे म्हणजे नफा नव्हे

"घरगुती डब्यांना खातेवही कशाला? एका पानावर आलेले पैसे, दुसऱ्यावर गेलेले. वजाबाकी केली की वर्षाचा नफा. इन्कमटॅक्सवालेही हिशोब मागत नाहीत. ताळेबंद मोठ्या हॉटेलांनी करावा."

हा मेसेज कर्वेनगरात डबे देणाऱ्या माझ्या वहिनीपर्यंत पोचला. तिच्या वहीत वर्षअखेर ४०,००० उरले, आणि एवढ्यासाठी कशाला राबायचं म्हणून ती डबे बंद करायला निघाली. त्यामुळे लिहिणं भाग आहे.

इन्कमटॅक्सचं अर्धं खरं आहे. इन्कमटॅक्सचा कायदा छोट्या धंद्याला विक्रीच्या किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरू देतो. वह्यांची सक्ती नाही. पण तो करापुरता धरलेला नफा. वहिनीला प्रत्यक्ष काय सुटलं, हे त्यातून कसं कळणार?

खरा घोळ वजाबाकीत आहे. गिऱ्हाइकांचे ६,००,००० आले. किराणा-भाजीला ३,४०,००० गेले, गॅस, मदतीची बाई आणि डबे पोचवणारा मुलगा मिळून १,२०,०००, मे महिन्यात घेतलेला फ्रीज ४०,००० आणि मुलीच्या शाळेची फी ६०,०००. शाळेची फी डब्यांचा खर्च कधीपासून झाली? ती वहिनीने घरासाठी केलेली उचल. घरची माणसंही त्याच स्वयंपाकातलं जेवतात. त्या मालाचे महिन्याला ३,००० धरले तर वर्षाचे ३६,००० हीसुद्धा उचलच. फ्रीज पुढची कित्येक वर्षं चालणार, म्हणून यंदाच्या खर्चात फक्त १५ टक्के घसारा, म्हणजे ६,०००.

मग उधारी. एप्रिलच्या सुरुवातीला गिऱ्हाइकांकडून २०,००० येणं होतं, मार्चअखेर ३५,०००. आधीच्या वर्षाचं येणं जमेतून वजा करा, यंदाचं राहिलेलं मिळवा, की विक्री निघते ६,१५,०००. वाण्याचं देणं १०,००० वरून २८,००० वर गेलं, म्हणजे खरेदी ३,५८,०००. घरचा माल वगळून ३,२२,०००. शिल्लक साठा दोन्ही वेळी जवळपास सारखाच, म्हणून तो सोडला. विक्रीतून माल, १,२०,००० चा खर्च आणि घसारा वजा केला की नफा १,६७,०००. महिन्याला चौदा हजारांच्या आसपास. यात वहिनीच्या स्वतःच्या कष्टाचा मोबदलाही आला, हे मात्र विसरू नये. राबणं परवडतं का, ते या आकड्यावरून ठरवा, ४०,००० वरून नाही.

राहिला ताळेबंद. पडताळा त्यानेच होतो. सुरुवातीला रोकड १५,००० आणि येणं २०,०००, त्यातून वाण्याचे १०,००० गेले की भांडवल २५,०००. अखेरीस रोकड ५५,०००, येणं ३५,०००, फ्रीज ३४,०००. वाण्याचे २८,००० वजा जाता ९६,०००. भांडवल ७१,००० नी वाढलं, त्यात फी आणि घरचा माल मिळून झालेली ९६,००० ची उचल मिळवली की पुन्हा १,६७,०००. वहीप्रमाणे ५५,००० हवेत आणि मोजल्यावर रोकड कमी भरली, तर बहुतेकदा डब्याच्या पैशांतून न लिहिता घरखर्चाला काढलेल्या नोटा निघतात. त्याही उचलीत लिहायच्या.