गुरुजींच्या खोलीची कडी

"वृद्धाश्रम देवाचं नाव घ्यायला असतो. या वयात खोलीला आतून कडी कशाला? असलं काही दिसलं की स्टाफने आधी मुलांना फोन करावा. आणि विसराळू बाईच्या 'हो'ला काय अर्थ?" (आमच्या परभणीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

वयाचं आधी उरकते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ७५ ते ८५ वयोगटातल्या २६ टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात शरीरसंबंध आल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडे कुणी विचारतच नाही, एवढाच फरक.

कडीची भीती खरी आहे: आत कुणी पडलं तर? त्याला बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच मिळतं. खरी अडचण आम्हा स्टाफची. दार वाजवायचं आणि त्याच हाताने ढकलायचं! "येऊ का?" म्हणून थांबायचं, उत्तर नाही आलं तर मोठ्याने हाक मारायची, मगच आत जायचं.

फोनचं म्हणाल तर फी भरणारा मुलगा आईचा कायदेशीर पालक होत नाही. तिला कळतंय तोवर "मुलाला सांगू का?" हे तिलाच विचारायचं.

शेवटचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी लातूरजवळच्या एका वृद्धाश्रमात नर्स होते. तिथल्या एका आजींना सुरुवातीचा स्मृतिभ्रंश होता, आणि एका विधुर गुरुजींशी त्यांचं जमलं होतं. संध्याकाळी त्या गुरुजींच्या खोलीत जायच्या. मावश्यांत कुजबुज सुरू झाली. मी आजींशी एकट्यात बोलले, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आणि दिवेलागणीला, कारण या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो. हे कोण? त्यांच्याजवळ काय आवडतं? नको वाटलं तर काय करता? सकाळी उत्तर चोख यायचं: "गुरुजी हायेत. नको असलं की उठून येते मी." संध्याकाळी मात्र दोनदा त्या म्हणाल्या, "आमचे मालक हायेत ते." मालक जाऊन अकरा वर्षं झाली होती.

इथे 'हो' पुरत नाही. बाई एखाद्याला आपला नवरा समजून होकार देते आणि तो आपण नाही हे त्या पुरुषाला ठाऊक असतं, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ प्रमाणे ती संमतीच नव्हे. गुरुजींना हे मी स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मला वाटायचं, लाडानं म्हणते."

म्हणून आजींचं सगळंच तोडायचं? हात हातात घेऊन बसल्यावर त्यांचा जीव थाऱ्यावर यायचा, रात्रीची झोप लागायची. बंद दार थांबवलं, ओट्यावरचं बसणं ठेवलं. चेहरा आक्रसतो का, अंग चोरतात का, नंतर रडतात का, एवढं पाहायला दोनच मावश्यांना सांगितलं. नोंद फाइलमध्ये, चर्चा स्वयंपाकघरात नाही.

मुलाला फोन केला तो यानंतर, आजींना सकाळी विचारून. त्याने एवढंच विचारलं, "गुरुजी जेवतात का नीट?"