सेल्स कट-ऑफ डॉक्युमेंट्स – पेंडिंग

आज सकाळी ऑडिटरकडून आमच्या अकाउंट्सला हव्या असलेल्या कागदांची यादी आली. सोमवारपासून फिल्डवर्क. एक्सेलमध्ये ओळींमागून ओळी, सगळ्यांपुढे एकच तारीख, शुक्रवार, आणि सगळ्यांपुढे लाल अक्षरात एकच शब्द, पेंडिंग. सीसीमध्ये आमचे एमडी. ज्या गोष्टी आधी कधी मागितल्याच नव्हत्या, त्या पहिल्याच मेलमध्ये 'पेंडिंग' कशा होतात? एमडींनी मेल उघडला, लाल रंग बघितला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. सकाळचा एक तास तिथेच गेला.

त्यातली एकच ओळ घेते. "सेल्स कट-ऑफ डॉक्युमेंट्स." बस, एवढंच. कट-ऑफ म्हणजे वर्षअखेरची विक्री कुठल्या वर्षात धरायची ते तपासणं, पण कुठल्या तारखांची बिलं? किती? बिलासोबत काय हवं? माझ्या हाताखालच्या मुलाने निरागसपणे मार्चच्या शेवटच्या आठवड्याची सगळी बिलं आणि ई-वे बिलं पीडीएफ करायला घेतली. मी त्याला थांबवलं, कारण हे सगळं पाठवूनही ती ओळ लालच राहणार, हे मला माहीत आहे.

सीएची आर्टिकलशिप करत होते तेव्हा कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं ऑडिट होतं. आमच्या सीनियरला आम्ही सगळे ताईच म्हणायचो. ताईंनी त्या फाउंड्रीला २ एप्रिललाच एक छोटा मेल केला होता. त्यात एकच मागणी: मार्चच्या शेवटच्या पाच दिवसांत बाहेर पडलेल्या, 'पोच आमच्या जबाबदारीवर' असलेल्या गाड्यांच्या पीओडी ट्रान्सपोर्टवाल्याकडून आत्ताच मागवून ठेवा. पीओडी म्हणजे बिल्टीची ती प्रत, जिच्यावर माल घेणाऱ्याच्या गेटचा शिक्का आणि तारीख असते. बाकीची यादी नंतर पाठवते, असं खाली लिहिलं होतं.

का? कारण तो कागद अकाउंट्समध्ये नसतोच. ड्रायव्हर तो परत आणतो, ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात साठतो आणि महिन्याच्या भाड्याच्या बिलासोबत आपल्याकडे येतो. आज सांगितलं आणि शुक्रवारी मिळाला, असं होत नाही.

त्या पीओडींमधून काय निघालं ते ऐका. १८ लाख ४० हजारांचं बिल, जीएसटी सोडून. तारीख ३० मार्च. गाडी ३१ च्या रात्री कोल्हापुरातून होसूरला निघाली. ई-वे बिल अगदी व्यवस्थित. पण होसूरच्या गेटचा शिक्का २ एप्रिलचा, आणि ऑर्डरमध्ये स्पष्ट होतं की गेटवर उतरेपर्यंत मालाची जोखीम फाउंड्रीची. म्हणजे ३१ मार्चला तो माल विकलेला नव्हता, रस्त्यात होता. विक्रीतून १८ लाख ४० हजार गेले, वाटेतला माल म्हणून स्टॉकमध्ये त्याची किंमत, १४ लाख, आली आणि नफा ४ लाख ४० हजारांनी कमी झाला. जीएसटी मात्र बिलाच्या तारखेने मार्चच्याच रिटर्नमध्ये राहिला. तो फरक ताईंनी तिथेच लिहून ठेवायला लावला, नाहीतर वार्षिक रिटर्नच्या वेळी पुस्तकातली विक्री आणि जीएसटीतली विक्री जुळेना म्हणून सगळे डोकं धरून बसले असते.

आता सांगा, नुसतं बिल आणि ई-वे बिल बघून हे कळलं असतं? ई-वे बिलावरून गाडी निघाल्याचं कळतं, पोचल्याचं नाही. आमच्या मुलाने केलेल्या त्या ढीगभर पीडीएफमधून एक पैशाची चूक सापडणार नाही.

दुसरी ओळ वाचून तर माझं डोकंच फिरलं. "डेटर्स बॅलन्स कन्फर्मेशन – क्लायंटकडून पेंडिंग." म्हणजे गिऱ्हाइकांकडे आमची किती बाकी आहे, याची त्यांच्याकडून लेखी खात्री. अरे, क्लायंटकडून, म्हणजे आमच्याकडून कसं? पार्ट्या ऑडिटरने निवडायच्या, पत्रं ऑडिटरच्या देखरेखीखाली जायची आणि उत्तर थेट ऑडिटरकडे यायचं. ऑडिटिंग स्टँडर्ड ५०५ हेच सांगतं. आम्ही लेटरहेडवर सही करून देऊ, पत्ते आणि ईमेल देऊ. पण गिऱ्हाइकाचं उत्तर माझ्या हातातून गेलं तर त्या पुराव्याला किंमत काय राहिली? जे काम स्टँडर्डने तुमच्यावर टाकलंय ते माझ्या नावापुढे लाल रंगात, आणि तेही एमडींसमोर. हा अन्याय आहे आणि मी तो गप्प बसून घेणार नाही.

हो, क्लायंट कागद दाबून बसतात, उद्या-उद्या करतात, हे मान्य. मीही ते बघितलंय. आणि पुस्तकं बंद झाल्याशिवाय नेमकी कुठली बिलं तपासायची ते ऑडिटरला ठरवता येत नाही, हेही खरं. पण गाड्या कुठल्या गेल्या, हे तर ३१ मार्चच्या रात्रीच ठरलेलं असतं ना?

दुपारी ऑडिट फर्ममधून ही यादी पाठवणाऱ्या मुलाला फोन केला. चिडूनच केला होता. पण आवाज ऐकला आणि आवाज खाली आला माझा. नुकताच सीए झालेला पोरगा, एकाच वेळी तीन कंपन्यांची कामं अंगावर. गेल्या वर्षीची फाइल मॅनेजरने दिली, तारखा बदल आणि पाठव म्हणून सांगितलं. आमची मूळ कंपनी शेअर बाजारात लिस्टेड, तिचा वर्षाचा निकाल ३० मे च्या आत लागलाच पाहिजे, त्यामुळे आमचे आकडे त्याआधी वर जायला हवेत. तो धाक वरून खालपर्यंत येतो आणि शेवटी त्याच्या एक्सेलमध्ये लाल होऊन उतरतो. सीसी टाकायलाही मॅनेजरनेच सांगितलं होतं. त्याच्यावर राग कसला धरायचा? राग त्या मॅनेजरवर आहे, ज्याने त्याला कधी शेजारी बसवून यादी लिहायला शिकवलं नाही.

ताई आम्हाला शेजारी बसवायच्या. ताळेबंदाच्या क्रमाने यादी करू नका म्हणायच्या, कागद कुठे पडलाय त्या क्रमाने करा. टॅलीतून आत्ता निघतं ते शेवटी. कुणालातरी बसून बनवावं लागतं, जसा स्टॉकच्या किमतीचा हिशेब, ते मधे. आणि कंपनीच्या दाराबाहेर आहे ते सगळ्यात आधी: पीओडी, बँकेचं पत्र, पुढे द्याव्या लागणाऱ्या ग्रॅच्युइटीचा हिशेब करणाऱ्या ॲक्च्युअरीचा रिपोर्ट. ॲक्च्युअरीला प्रत्येक कामगाराची जन्मतारीख, रुजू तारीख आणि ३१ मार्चचा पगार एचआरकडून जायला लागतो, मग त्याचं काम सुरू होतं. आमच्या आजच्या यादीत तो रिपोर्ट सगळ्यात खालच्या ओळीत आहे, आणि तारीख तीच, शुक्रवार.

मी त्या मुलासोबत फोनवरच यादी पुन्हा लावली. कट-ऑफची ओळ आता अशी आहे: २७ ते ३१ मार्च, पोच आमच्या जबाबदारीवर असलेल्या गाड्या, बिल, ऑर्डरच्या अटी आणि गेटचा शिक्का असलेली पीओडी, कागद ट्रान्सपोर्टवाल्याकडे, पुढच्या बुधवारपर्यंत. कन्फर्मेशनची ओळ त्याने स्वतःच्या नावावर घेतली. पत्रं उद्या निघतील. सुधारलेला मेल त्याने संध्याकाळी पाठवला, लाल रंग काढून. सीसीमध्ये एमडी अजून आहेत. त्यासाठी उद्या मी त्याच्या मॅनेजरला फोन करणार आहे.