दीडच्या मागे लागलेली पोट्टी

आमच्या गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात काचेच्या चिपेचा प्रयोग, म्हणजे काचेचा अपवर्तनांक काढायचा, पुस्तकात दीड असतो तो, असला की मला प्रयोगाची भीती वाटत नाही, जर्नलची वाटते. परवा तपासायला घेतली तर एका पोट्ट्याचे आर कोन, म्हणजे काचेत वळलेल्या किरणाचे कोन, होते १३.१८, १९.४७, २५.३७... अरे बापा, चांदा एका अंशाचा, त्यातही अर्ध्या आकड्यांवर शाईचे डाग, आणि ह्यानं अंशाचा शंभरावा भाग वाचला? ग्राफ तर असा की सगळे ठिपके रेषेवर लायनीत उभे, रेषा बरोब्बर शून्यातून, स्लोप १.५००. विचारलं तर म्हणे, "सर, दीड नाई आलं तर मार्क कापता ना तुम्ही." म्हणजे दीड धरून उलटा हिशोब केला होता, टाचण्या डबीतून बाहेर पडल्याच नव्हत्या.

मग सगळ्या बॅचला खिडकीजवळ बसवलं, कारण लाईट नव्हतीच. ड्रॉईंग बोर्डाला इतकी भोकं की टाचणी उभीच राहीना, म्हणून थर्माकोल. टाचण्यांची डोकी नाही, बुडं एका रेषेत दिसली पाहिजेत हे ओरडून ओरडून माझा घसा गेला. चिपेची रुंदी ६ सेमी, तेवढ्या लांबीत रेघ अर्धा मिलीमीटर सरकली की कोन अर्ध्या अंशानं सरकतो, आणि पोट्ट्यांची शिसपेन्सिल खिळ्यासारखी बोथट. त्यामुळं आर मध्ये अर्ध्या अंशाची एरर धरा म्हटलं, त्याहून शहाणपणा करू नका.

एकीचे खरे रीडिंग असे आले: आय, म्हणजे किरण काचेवर पडतो तो कोन, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७० आणि आर १३.५, १९.५, २५, ३१, ३५, ३९. तिनं लगेच साइन आय भागिले साइन आर असे सहा भागाकार करून सरासरी काढायला घेतली. म्हटलं थांब जी, काहून घाई? सरासरीत २० अंशाच्या भागाकाराला ६० च्या भागाकाराएवढाच मान मिळतो, आणि लहान कोन भल्ले बदमाश असतात. आय १० घेतला आणि आर ७ वाचला तर उत्तर १.४२, ६ वाचला तर १.६६! तोच एक अंश ६० जवळ चुकला, ३५ चं ३६ झालं, तर १.५१ चं फक्त १.४७ होते. रेषा काढली की स्लोप मुख्यतः दोन टोकांच्या ठिपक्यांवर ठरतो, मधल्या एखाद्याचं वाकडं फारसं मनावर घेत नाही. शिवाय नॉर्मल, म्हणजे काचेवरचा लंब, तिरपा काढला असेल तर रेषा शून्यातून जात नाही, म्हणजे ग्राफ चुगली करतो, सरासरी गप्प बसते. (म्हणूनच रेषा जबरदस्तीनं शून्यातून ओढायची नाही, ती कुठं जाते ते पाहायचं.)

साइन आय उभ्या अक्षावर, साइन आर आडव्या, मग स्लोप म्हणजेच अपवर्तनांक. एकानं उलटं काढून ०.६६ आणला आणि काच हवेपेक्षा विरळ निघाली, ते सोडा. पोरीच्या रेषेचा स्लोप आला १.५१.

आता खरा तमाशा, एरर. साइन आर ची एरर म्हणजे कोस आर गुणिले कोनाची एरर, पण कोन रेडियनमध्ये, म्हणजे अर्धा अंश ०.००८७. अर्ध्या वर्गानं ०.५ च घातला, मग एरर बार ग्राफपेपरच्या बाहेर, बाजूच्याच्या वहीवर! नीट केलं की पहिल्या ठिपक्याला आडवा बार ०.००८५ आणि शेवटच्याला ०.००६८. मग पहिल्या बारच्या उजव्या टोकाकडून शेवटच्या बारच्या डाव्या टोकाकडं एक रेषा, आणि एक त्याच्या उलट. पहिलीचा स्लोप १.५७, दुसरीचा १.४५, फरकाचं अर्ध ०.०६. उत्तर १.५१ ± ०.०६.

तेवढ्यात मोबाईलवाल्या पोट्ट्यानं स्लोप आणि त्याची एरर काढून देणारं स्प्रेडशीटचं LINEST लावलं आणि ओरडला, "सर, ०.०२ च येऊन राह्यलं!" येणारच. हातानं काढलेल्या रेषा दोन्ही टोकं एकाच वेळी एकमेकांच्या उलट पूर्ण चुकली असं धरतात, सासरेबुवा लग्नात काही ना काही बिघडणारच धरून चालतात तसं. LINEST सहाही ठिपके रेषेपासून किती हलले ते बघते. पण सहाच ठिपके, म्हणून तिच्या ०.०२ वरही आंधळा विश्वास नको, आणि सगळेच आर एकाच बाजूला चुकले असतील तर ते तिला कळतच नाही. जर्नलमध्ये दोन्ही आकडे लिहा, कोणता कसा काढला ते सांगा, झालं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्याच पोरीला गाठलं, "दीड काहून नाई आला?" ती म्हणे, "सर, दीड १.४५ ते १.५७ च्या मधात बसते ना जी." ते हट्टी, "बरं, उजेड पांढरा होता, मग हा कोणत्या रंगाचा अपवर्तनांक?" पोरगी जराही न अडखळता, "साध्या काचेत लाल-निळ्याचा फरक ०.०१ च्या आसपास, आमची एरर ०.०६. आमच्याइथं सगळे रंग एकाच एसटीत बसते सर." त्यांनी मार्क लिहिले आणि चहा मागवला, तो मात्र माझ्या खिशातून.