सेव, सेवा आणि फलकावरच्या सहा वाक्यांची गोष्ट

आमच्या घराण्यात ज्याला शुद्धलेखन येते त्याच्यावर सत्यनारायणाच्या निमंत्रणपत्रिकेपासून शोकसभेच्या फलकापर्यंत सर्व मजकूर लिहिण्याची जबाबदारी आपोआप येऊन पडते, आणि मी छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे माझी यातून सुटका होण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझ्या मेहुण्यांचे जे सेव-फरसाणाचे दुकान आहे, तेथे दिवाळीपूर्वी ग्राहकांची मते घ्यायची आणि मते देणाऱ्यांची सोडत काढून पहिल्या क्रमांकाला मिक्सर द्यायचा असे ठरताच मेहुण्यांचा फोन मलाच आला. "दाजी, चिठ्ठ्यांच्या डब्यावर लावायला दोन ओळी लिहून द्या. पाच मिनिटांचे काम आहे," असे ते म्हणाले. त्या पाच मिनिटांचे अकरा दिवस झाले.

त्यांनी स्वतः एक मसुदा तयार ठेवला होता. त्यात पहिला प्रश्न होता, "आमची सेव व सेवा आपल्याला कशी वाटली?" मेहुण्यांना या अनुप्रासाचा फार अभिमान होता. मी त्यांना विचारले की, एखाद्याला लवंग सेव आवडली आणि काउंटरवरच्या मुलाने सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी हुज्जत घातली, तर त्याने खूण कोठे करायची? ते म्हणाले, "मधे करेल." एका वाक्यात दोन गोष्टी विचारल्या की उत्तर दोन्हींचे मिळत नाही आणि एकीचेही मिळत नाही, हे पटवून देण्यात आमचा एक चहा आणि दोन प्लेट पोहे संपले.

मसुद्याचा शेवट याहून भारी होता. मेहुण्यांच्या तीन पिढ्या इंदूरात वाढलेल्या असल्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी केव्हा शिरते ते त्यांना कळत नाही. त्यांनी लिहिले होते, "आपल्या सूचना अमलात आणण्याची आम्ही पूर्ण चेष्टा करू." हिंदीत हे वाक्य नम्र आहे. मराठीत त्याचा अर्थ असा होतो की, तुम्ही लिहा, आम्ही खदखदून हसू. मला त्यातल्या त्यात ते प्रामाणिक वाटले. पण ग्राहकांपैकी निम्मे रामबाग आणि नारायण बागेतले मराठी, तेव्हा "प्रयत्न" हा शब्द घालणे भाग पडले.

आता राहिले मधले वाक्य, आणि खरा छळ तेथेच सुरू झाला. "आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल" हे वाक्य मी सवयीने लिहून टाकले होते. ते सगळीकडे असते. एका मोठ्या दुकानात मोटारीच्या सोडतीची चिठ्ठी मी एकदा भरली होती, तिच्यावरही ते होते. आणि त्यानंतर चार महिने मला रोज दुपारी झोपेच्या वेळी भूखंड घेण्याविषयी आणि सपत्नीक जेवायला येऊन पर्यटनाची योजना ऐकण्याविषयी फोन येत होते. मोटार कोणाला लागली हे मात्र आजतागायत कळलेले नाही. तरीही तेच वाक्य मी निमूटपणे उतरवले, कारण हात वळणाचे असतात.

मेहुण्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, कायद्याचा अभ्यास करते. तिने ते वाक्य वाचले आणि विचारले, "आतोबा, गोपनीय म्हणजे कोणापासून? बाबा तर प्रत्येक चिठ्ठी वाचणार आहेत, आणि वर नाव व नंबर आहे." मी म्हणालो, बाहेरच्यांपासून. तेव्हा तिने चाचणीसाठी रविवारी ठेवलेल्या साठ चिठ्ठ्या माझ्यासमोर आणून टाकल्या. फरसाणाच्या दुकानातला कागद तासाभरात तेल पितो, आणि तेल प्यायलेला कागद काचेसारखा होतो. घडी घातलेल्या चिठ्ठीवरचा फोन नंबर बाहेरून, उलटा का होईना, स्वच्छ वाचता येत होता.

त्या चिठ्ठ्यांतून दुसरी गोष्ट उघडी पडली, आणि ती तेलाहून गंभीर होती. जवळजवळ सर्वांनी वरपासून खालपर्यंत एकाच सरळ रेषेत "उत्तम" या रकान्यात खुणा केल्या होत्या. मेहुणे गहिवरले. मात्र तिसरा प्रश्न "सेव घेण्यासाठी आपल्याला किती वेळ थांबावे लागते?" असा होता, आणि घाईघाईत त्याच्यापुढेही तेच रकाने छापले गेले होते, तेथेसुद्धा लोकांनी "उत्तम" थांबावे लागते असेच सांगितले होते. म्हणजे प्रश्न कोणी वाचलेच नव्हते. चिठ्ठीवर स्वतःचे नाव आहे, बक्षीस दुकानदाराच्या हातात आहे, मग लसूण सेव खवट लागली असे लिहून मिक्सर कोण गमावेल? फलकावर कोठेही लिहिले नव्हते की चांगले बोलणाऱ्यालाच बक्षीस मिळेल. पण तसे मिळणार नाही, असेही लिहिलेले नव्हते, आणि आपला माणूस न लिहिलेले अधिक काळजीपूर्वक वाचतो.

यावर उपाय सोपा निघाला, फक्त त्यासाठी फलकाआधी डबा बदलावा लागला. चिठ्ठीचे दोन भाग केले आणि मधे शिलाई मशीनवर बिनदोऱ्याची सुई फिरवून फाडण्याची रेघ पाडली. वरच्या भागात प्रश्न, नाव नाही. तो लाल डब्यात. खालच्या भागात फक्त नाव आणि फोन. तो निळ्या डब्यात. दोन्ही भागांवर क्रमांक छापण्याचा मोह छापखान्याला झाला होता, तो आम्ही वेळीच आवरला, कारण दोन्हींवर एकच क्रमांक आला की फाडण्याचा सोहळा निव्वळ करमणुकीचा राहतो. पत्ता आणि जन्मतारीख हे रकाने काढून टाकले. मिक्सर लागल्याचे कळवायला जन्मतारीख लागत नाही. मेहुण्यांना ती वाढदिवसाचे संदेश पाठवण्यासाठी हवी होती.

"पण दिवाळीच्या ऑफरचा संदेश तरी या नंबरांवर टाकू ना?" असे त्यांनी विचारले. भाची म्हणाली, "टाका, पण मग तसे फलकावर लिहा, आणि त्यासाठी वेगळा चौकोन ठेवा, तोही कोरा, ज्याला हवे तो खूण करील." २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात हेच आहे, असे तिने सांगितले: ज्या कामासाठी विचारले त्याच कामासाठी वापरायचे, संमती माणसाने स्वतः काही कृती करून द्यायची, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे. मेहुण्यांनी ताबडतोब पळवाट काढली की, हा कायदा तर संगणकातल्या माहितीचा, आमच्या चिठ्ठ्या कागदाच्या. "आणि तुम्ही नंबर मोबाईलमध्ये चढवाल तेव्हा?" असे तिने विचारले. कागदावरची माहिती यंत्रात गेली की तीही कायद्याखाली येते. मेहुण्यांनी दुसरी पळवाट काढली: नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, दुकानदारावरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिने मुदत आहे. हे त्यांना बरोबर ठाऊक होते. जीएसटीची तारीख ज्यांना दर महिन्याला फोन करून सांगावी लागते, त्यांना मुदतवाढीच्या तारखा मात्र पाठ असतात. भाचीने मग २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढला, ज्याला कसलीही मुदत उरलेली नाही. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायदेशीर कारणाशिवाय दुसऱ्याला देणे आणि बक्षीस योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणे, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडतात. मला माझी मोटार आठवली.

त्याच कलमात विक्री वाढवण्यासाठी सोडत काढण्यावरही बंधन आहे. म्हणून "अर्धा किलोच्या खरेदीवर एक चिठ्ठी" ही मेहुण्यांची लाडकी अट गेली. पैसे, नशीब आणि बक्षीस ही तिन्ही एकत्र आली की त्या गोष्टीला लॉटरी म्हणतात, आणि लॉटरी चालवणे हे फरसाणवाल्याचे काम नव्हे. "म्हणजे काही न घेता कोणीही चिठ्ठी भरून जाणार?" हा प्रश्न त्यांनी ज्या स्वरात विचारला, त्या स्वरात लोक मुलीच्या लग्नातल्या मानपानाविषयी बोलतात.

शेवटी चिठ्ठ्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उरला. "नष्ट केल्या जातील" असे लिहायला माझी हरकत नव्हती. पण मागच्या एका सोडतीच्या चिठ्ठ्या रद्दीत गेल्या होत्या, आणि त्यातल्या काही शेजारच्या शेंगदाणेवाल्याकडे पुड्या होऊन परतल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पावशेर खारे दाणे एका गृहस्थांच्या संपूर्ण नावात आणि फोन नंबरात बांधून मिळाले होते. तेव्हा नष्ट म्हणजे कशा, केव्हा आणि कोणाच्या देखत, हे ठरवूनच वाक्य लिहायचे असे मी अडून बसलो. सुदैवाने दुकानामागे भट्टी होती.

अकराव्या दिवशी फलक लागला तो असा:

"कृपया वरील तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत; उत्तरांचा उपयोग फक्त चव, वजन आणि काउंटरवरील गर्दी यांत सुधारणा करण्यासाठी केला जाईल, म्हणून उत्तरांवर नाव लिहू नये. सोडतीत भाग घ्यायचा असल्यास खालचा तुकडा फाडून निळ्या डब्यात टाकावा. त्यावरील फोन नंबर केवळ विजेत्याला कळवण्यासाठी वापरला जाईल, इतर कोणालाही दिला जाणार नाही, आणि निकालानंतर तीस दिवसांनी सर्व तुकडे भट्टीत जाळले जातील; त्यापूर्वी आपला तुकडा परत हवा असल्यास काउंटरवर मागावा. खरेदीची अट नाही, आणि उत्तर कसेही असले तरी बक्षिसाची संधी सर्वांना सारखीच आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या वतीने घरच्या मोठ्यांनी तुकडा भरावा. सोडत धनत्रयोदशीला सकाळी ११ वाजता येथेच सर्वांसमोर निघेल व निकाल याच फलकावर लागेल."

मेहुण्यांनी मागितलेल्या दोन ओळींची सहा वाक्ये झाली होती, आणि शेजारी त्यांचा हिंदी अवतार लागला, ज्यात "चेष्टा" सन्मानाने बसवता आली.

परिणाम दोन दिवसांतच दिसला. लाल डब्यातल्या खुणा आता सरळ रेषेत नव्हत्या. लवंग सेव चांगली, लसूण सेव दुपारनंतर मऊ पडते, वजन करताना कागदी पिशवीही तोलली जाते, अशा चिठ्ठ्या निघू लागल्या. पिशवीचे वाचून मेहुणे अर्धा तास गप्प होते. मग त्यांनी स्वतःच्या हाताने काटा शून्यावर आणून पाहिला.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात असताना एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले आणि म्हणाले, "मी काल चिठ्ठी टाकली. तिच्यावर सही राहिली." मी त्यांना समजावले की सही नको, उत्तर कोणाचे ते आम्हांला कळू नये अशीच व्यवस्था आहे. ते संतापले. "मास्तर, चाळीस वर्षे इथली सेव खातो. ती तिखट झाली आहे हे मी म्हणतो, कोणी ऐऱ्यागैऱ्याने नाही. ते कळू नये म्हणजे काय?" त्यांनी आपली चिठ्ठी परत मागितली. लाल डब्यात दोनशे बिननावाच्या चिठ्ठ्या होत्या, आणि परत देण्याचे वचन आम्ही फक्त निळ्या डब्यापुरते दिले होते. तेव्हा त्यांनी नवी चिठ्ठी घेतली, तीन प्रश्नांची उत्तरे पुन्हा दिली, खाली लफ्फेदार सही ठोकली, सहीखाली मोहल्ला आणि फोन नंबर लिहिला, आणि ती मेहुण्यांच्या हातात देऊन म्हणाले, "आता मोजा." मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. ही चिठ्ठी लाल डब्यात जात नव्हती, निळ्यात जात नव्हती, आणि भट्टी तर त्यांच्यासमोर पेटवता येत नव्हती.