जास्त शोध आणि कमी निकाल एवढं पाहून माल मागवू नका

“कीवर्ड टूलमध्ये महिन्याला दहा हजारांच्या वर शोध आणि हजाराच्या आत निकाल असलेला शब्द सापडला की झालं. मागणी बारमाही, स्पर्धा नाही. बिनधास्त माल मागवा.”

अमेझॉनवर विकायला वस्तू शोधणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो, पण त्यातले शोध आणि निकाल हे दोन्ही आकडे फसवे आहेत. आधी शोधांचं बघू. अमेझॉन विक्रेत्यांना ब्रँड ॲनालिटिक्समध्ये जो Search Frequency Rank दाखवतं, तो शब्दाचा क्रमांक असतो, शोधांची संख्या नव्हे. बाहेरची टूल्स संख्येचा अंदाज बांधतात, म्हणून एकाच शब्दाला दोन टूल्स दोन आकडे देतात. एकाच टूलमध्ये दोन शब्दांची तुलना करायला हा अंदाज कामाचा आहे, किती माल मागवायचा हे ठरवायला नाही.

दुसरी अडचण सरासरीची. समजा, ‘ड्रॉवर डिव्हायडर’ आणि ‘पावसात बुटांवर घालायचं कव्हर’ या दोन्हींसमोर महिन्याला 12,000 असा आकडा आहे. पहिल्याचे शोध दर महिन्याला 11,000 ते 13,000 च्या दरम्यान राहतात. दुसऱ्याचे दोन महिने 60,000 आणि उरलेले दहा महिने 2,400. वर्षाची बेरीज दोन्हीकडे 1,44,000 च्या आसपास, पण कव्हरचा माल दहा महिने गोदामात पडून भाडं खाणार.

हे गूगल ट्रेंड्सच्या पाच वर्षांच्या आलेखात लगेच दिसतं. तिथलं 0 ते 100 हे माप सापेक्ष असतं, त्यामुळे त्यावरून आकार बघायचा, संख्या नाही. माझा स्वतःचा निकष असा: वर्षातला सगळ्यात मंद महिना सगळ्यात तेजीच्या महिन्याच्या निम्म्याहून खाली जात नसेल आणि हे मंद महिने दरवर्षी आणखी खाली सरकत नसतील, तरच मी मागणी स्थिर मानते. ट्रेंड्स हे वेबवरचे शोध दाखवतं, खरेदी नाही. म्हणून पहिल्या पानावरच्या चार-पाच वस्तूंचा विक्री-क्रमांक वर्षभर कसा हलला, तेही कीपासारख्या टूलमध्ये बघून घ्यावं.

निकालांच्या संख्येचा तर स्पर्धेशी फारसा संबंधच नाही. आठशे निकालांपैकी बहुतेक कुणी उघडतही नाही. लढाई पहिल्या पानावर असते, तिथेही वरच्या मोजक्या जागांवर. आठशे निकाल आणि तीन वस्तूंकडे बहुतेक खरेदी, ही अवघड बाजारपेठ. वीस हजार निकाल असूनही खरेदी विखुरलेली असेल, तर नव्या विक्रेत्याला शिरायला जागा मिळते.

हे मोजायची सोय ब्रँड ॲनालिटिक्समध्ये आहे, पण नोंदणीकृत ब्रँड असलेल्यांनाच ती मिळते. तिथे प्रत्येक शब्दासमोर सगळ्यात जास्त क्लिक मिळवणाऱ्या तीन वस्तू दिसतात, आणि त्या शब्दावरच्या क्लिकमधला व खरेदीतला त्यांचा वाटाही. ड्रॉवरचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा, नुसत्या ‘ड्रॉवर डिव्हायडर’वर या तिघांकडे 65 टक्के क्लिक आणि 68 टक्के खरेदी आहे. लोक उघडतात तेच घेतात, तिथे शिरणं महागात पडेल. ‘खोल ड्रॉवरसाठी डिव्हायडर’वर मात्र क्लिक 58 टक्के आणि खरेदी फक्त 24 टक्के. म्हणजे लोक या तिघांवर जातात, बघतात आणि घेतात भलतंच काहीतरी. असं का होतं, हे या तीन वस्तूंच्या दोन-तीन तारेवाल्या अभिप्रायांत सापडतं. “उंची कमी पडते”, “खोल कप्प्यात आडवं पडतं” अशा तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या, तर काय बनवून घ्यायचं हे ठरलं. लहान शब्दावर आठवड्याला खरेदीच मोजकी होते, त्यामुळे हा वाटा खूप उड्या मारतो. एका आठवड्यावर विसंबू नका, सलग तीन-चार महिन्यांचे अहवाल शेजारी ठेवून बघा. ब्रँड नोंदणी नसेल तर पहिल्या पानावरच्या वस्तूंचे अभिप्राय मोजा. शंभराच्या आत अभिप्राय असलेल्या तीन-चार वस्तू तिथे टिकून असतील तर दार उघडं आहे.

निकाल कमी असण्यामागे कधीकधी वेगळंच कारण असतं. शब्दात कुणाचं ब्रँडनाव असतं, वस्तूवर पेटंट असतं, नाहीतर ती इतकी अवजड असते की एक परत आली तरी दहा विक्रींचा नफा जातो. पुरवठादाराशी बोलण्याआधी हे तपासा.

आणि जाहिरातीच्या पॅनेलमध्ये तो शब्द टाकून प्रति क्लिक सुचवलेली बोली बघा. मी दहा क्लिकना एक विक्री धरते. बोलीची दहापट रक्कम एका नगामागच्या नफ्याहून जास्त निघाली, तर निकाल पन्नास असोत की पाचशे, त्या शब्दासाठी आधीच चढाओढ चालू आहे.